साठेखत म्हणजे खरेदी नव्हे

२०२५ सालच्या मे महिन्यात मामेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला कोळवणला गेले होते. पौडवरून आत वळलं की पुण्याची गर्दी मागे पडते. खोऱ्यातली भातखाचरं उन्हानं भेगाळलेली, बांधावर करवंदाच्या जाळ्या. आणि त्याच रस्त्याच्या कडेला अधूनमधून ‘प्लॉट विकणे आहे’ अशा पाट्या. हिंजवडीचं आयटी पार्क ज्या मुळशी तालुक्यात झालं, त्याच तालुक्याचं हे दुसरं टोक. जमिनीचा व्यवहार इथे आता घरोघरी बोलला जातो.

पंगती उठल्या, बायका जरा टेकल्या, तेवढ्यात मामेबहिणीच्या जाऊबाई हळूच जवळ आल्या. “ताई, तुम्ही कोर्टाची कामं करता नव्हं? जरा आत येता का?” आत गेल्यावर त्यांनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीवर स्केचपेननं लिहिलेलं, ‘खरेदीखत’. “आमच्या रानाचं हाय. तीन वर्सं झाली, आमीच भात लावतोय तिथं. पण परवा एक गाडीवाला आला न् म्हनतो, हे रान माजं हाय. असं कसं वो?”

मी पिशवीतला कागद काढला. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला मजकूर, खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. पहिल्याच ओळीवर ठळक अक्षरात शब्द होता : साठेखत.

“वहिनी, हे खरेदीखत नाही,” मी म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. “म्हंजी? पैसं तर दिलेत आमी. सह्या बी झाल्यात.”

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या कपाटात अशी पिशवी असते, म्हणून हा सगळा प्रकार मुळापासून सांगते.

व्यवहार काय झाला होता?

गावातल्याच एका शेतकऱ्याची एक एकर म्हणजे चाळीस गुंठे जमीन वहिनींच्या घरच्यांनी घ्यायची ठरवली. किंमत ठरली २४ लाख. १० फेब्रुवारी २०२२ रोजी साठेखत झालं. त्या दिवशी ६ लाखांचा इसार चेकनं दिला. उरलेले पैसे सहा महिन्यांत, खरेदीखताच्या वेळी द्यायचे असं कागदात लिहिलं होतं. जमिनीचा ताबाही त्याच दिवशी दिल्याचं लिहिलं होतं, आणि तो खरोखर दिलाही होता. त्या पावसाळ्यात वहिनींनी तिथे इंद्रायणी लावला.

सहा महिने संपत आले तेव्हा मालक म्हणाला, मोजणी व्हायचीय, जरा थांबा. मधे त्याच्या घरात लग्न निघालं म्हणून त्यानं आणखी ४ लाख मागितले, तेही यांनी बँकेतून दिले. झाले १० लाख. मग ‘दिवाळीनंतर करू’, मग ‘पाडव्याला करू’. एकाच गावातली माणसं, रोज तोंड बघायचं, कोण कोणाला नोटीस देणार? असं करत अडीच वर्षं गेली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये मालकानं तीच जमीन शहरातल्या एका माणसाला जास्त भावानं विकली. त्या माणसाचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदलं गेलं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर त्याचं नावही लागलं. तोच हा गाडीवाला.

आता प्रश्न असा की पहिल्यांदा कागद केला तो वहिनींनी, पैसे आधी दिले ते वहिनींनी, रानात राबल्या त्याही वहिनीच. मग मालक तो कसा?

साखरपुडा आणि लग्न

त्या दिवशी घरात साखरपुडाच होता, म्हणून मी त्यांना तोच दाखला दिला. साठेखत म्हणजे साखरपुडा. पुढे लग्न करू, असं चारचौघांत दिलेलं वचन. खरेदीखत म्हणजे लग्न. साखरपुडा कितीही थाटात झाला, दागिने चढवले, जेवणावळी उठल्या, तरी त्या दिवशी मुलगी सासरची होत नाही.

कायद्यात हे अगदी स्वच्छ लिहिलेलं आहे. आपल्याकडे जमीन-घराच्या हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा आहे, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याचं ५४ वं कलम विक्री म्हणजे काय ते सांगतं. किमतीच्या बदल्यात मालकी दुसऱ्याकडे जाणं, ही विक्री. मग ती किंमत पूर्ण दिलेली असो, थोडी दिलेली असो की पुढे द्यायची कबूल केलेली असो. आणि १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन असेल, तर ही मालकी फक्त नोंदणी केलेल्या दस्तानेच जाते. आज शंभर रुपयांत कुठली जमीन मिळते? म्हणजे व्यवहारात प्रत्येक जमिनीला नोंदलेलं खरेदीखत लागतंच.

त्याच कलमात पुढे विक्रीच्या कराराबद्दल, म्हणजे आपल्या साठेखताबद्दल सांगितलं आहे. ठरलेल्या अटींवर पुढे विक्री होईल, असा तो करार. आणि असा करार स्वतःहून त्या जमिनीत कोणताही हितसंबंध निर्माण करत नाही, तिच्यावर कसला बोजाही चढवत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. पैसे किती दिले यावर मालकी ठरत नाही. खरेदीखत नोंदलं आणि निम्मे पैसे द्यायचे राहिले, तरी मालकी जाऊ शकते. आणि साठेखतावर चोवीसच्या चोवीस लाख मोजले तरी मालकी जात नाही. वहिनींना हेच पटत नव्हतं. “पैसं देऊन बी न्हाई?” पैसे देऊनही नाही.

कायदा इतका कठोर का?

इंग्रजांच्या देशात याबाबत वेगळा विचार होता. तिथे विक्रीचा करार झाला की न्यायाच्या दृष्टीनं घेणारा अर्धामुर्धा मालक समजला जाई. कागदावर एक मालक, न्यायबुद्धीनं दुसरा. आपल्याकडे कायदा केला तो त्यांनीच, पण ही दुहेरी मालकी इथे मुद्दाम ठेवली नाही. जमिनीला एका वेळी मालकी एकच, आणि ती बदलते ती नोंदणीच्या कार्यालयात.

त्यामागचं कारण व्यवहारी आहे. समजा, प्रत्येक साठेखतानं जमिनीत हक्क निर्माण झाला असता. साठेखत तर कपाटातल्या पिशवीतही राहू शकतं, कुणाला दिसत नाही. मग जमीन घेणाऱ्या माणसानं गावातली किती कपाटं तपासायची? नोंदवहीत जे दिसतं त्यावर विसंबता यावं, म्हणून मालकी बदलण्याची जागा एकच ठेवली.

आपल्या मुंबईचाच एक खटला याबाबत प्रसिद्ध आहे, नारनदास करसनदास यांचा, १९७७ सालचा. गहाण पडलेली मिळकत, कर्ज फिटलं नाही म्हणून लिलावाला निघाली. नारनदासांची बोली मंजूर झाली, इसार भरला. खरेदीखत व्हायच्या आधीच मूळ मालक पुढे आला, म्हणाला मी कर्ज फेडतो, माझी मिळकत सोडवून घेतो. नारनदासांचं म्हणणं, लिलाव झाला, आता तुझा संबंध काय? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बोली मंजूर होणं हा फक्त विक्रीचा करार. त्यानं मिळकतीत हक्क येत नाही. नोंदलेलं खरेदीखत होईपर्यंत मूळ मालकाचा गहाण सोडवण्याचा हक्क जिवंत आहे.

आपण विकणाऱ्या बाजूला असू तर हाच नियम आपल्याला राखतो, हेही विसरू नका. आपण साठेखत करून दिलं, पुढच्यानं उरलेले पैसे दिलेच नाहीत, तरी जमीन आपलीच असते.

मग ताब्याचं काय?

“पन रान तर आमच्याकडंच हाय की,” वहिनी म्हणाल्या. हा त्यांचा मोठा आधार होता, आणि नेमका तिथेच घोटाळा होता.

याच कायद्यात ५३-अ नावाचं एक कलम आहे. साठेखतावर ताबा घेतला, आपल्या वाट्याचं आपण केलं किंवा करायला तयार आहोत, तर विकणारा उलटून ‘माझी जमीन परत दे’ असं म्हणू शकत नाही. ही ढाल आहे. तिनं अंगावर आलेला वार अडवता येतो, पण तिच्या जोरावर मालकी मागता येत नाही. पूर्वी ही ढाल नोंदणी नसलेल्या साठेखतालाही मिळायची. २४ सप्टेंबर २००१ पासून कायदा बदलला. ताब्यासह केलेलं साठेखत नोंदलेलं नसेल तर ही ढाल मिळत नाही. वहिनींचं साठेखत २०२२ चं, नोटरीपुढचं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शिक्क्यानं एवढंच कळतं की त्यांच्यासमोर सही झाली.

ढालीला आणखी एक मर्यादा आहे. ती ज्याच्याशी करार झाला त्याच्याच विरुद्ध, आणि त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांविरुद्ध चालते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानं रामभाऊ गजरे विरुद्ध नारायण धोत्रा हा खटला निकालात काढला, तोही महाराष्ट्रातलाच. जमिनीच्या मालकानं एकाला साठेखत करून ताबा दिला. त्यानं खरेदीखत होण्याआधीच पुढे तिसऱ्याला विकण्याचा करार केला आणि ताबा त्याच्या हाती दिला. मालकानं ताबा मागितल्यावर तिसरा माणूस ५३-अ ची ढाल पुढे करू लागला. न्यायालय म्हणालं, मालकाशी तुझा करारच नाही. आणि मधल्या माणसाकडे तरी जमिनीतला हक्क कुठे होता, जो त्यानं तुला द्यावा? जमीन मूळ मालकाकडे परत गेली. आपल्याकडे ‘साठेखतावर साठेखत’ करून प्लॉट फिरवतात ना, त्यांनी हा निकाल नीट समजून घ्यावा.

“मंग तो गाडीवाला उद्या आमाला हाकलंल?” नाही, दांडगाई करून त्याला काढता येणार नाही. त्यालाही कोर्टातच जावं लागेल. पण कोर्टात केवळ ताब्यावर आपण टिकणार नाही. आपल्याला आपलं म्हणणं स्वतः घेऊन जावं लागेल.

साठेखतातून मिळतं तरी काय?

हक्क जमिनीत नाही, पण माणसावर आहे. ‘तू कबूल केलंस, आता खरेदीखत करून दे’ असं म्हणण्याचा हक्क. साखरपुड्याचा दाखला इथे संपतो. मोडलेल्या साखरपुड्यातून कोर्ट कुणाचं लग्न लावून देत नाही, पण साठेखतावरून खरेदीखत मात्र करून देऊ शकतं. याला कराराची विनिर्दिष्ट पूर्तता म्हणतात. विकणारा आलाच नाही तर कोर्ट आपल्यातर्फे माणूस नेमून खरेदीखतावर सही करवतं.

आणि जमीन मधेच तिसऱ्याला विकली असेल तर? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४० व्या कलमात याचं उदाहरणच दिलंय, तेही गावाचं नाव घेऊन. ‘अ’ सुलतानपूर विकण्याचा करार ‘ब’शी करतो. तो करार चालू असतानाच सुलतानपूर ‘क’ला विकतो. ‘क’ला आधीच्या कराराची माहिती आहे. मग ‘ब’ला जेवढं ‘अ’विरुद्ध मागता येतं, तेवढंच ‘क’विरुद्धही मागता येतं.

सगळा खेळ त्या ‘माहिती आहे’ या शब्दांत आहे. पुढच्यानं पूर्ण किंमत मोजून, सचोटीनं, आधीच्या कराराची कल्पना नसताना जमीन घेतली असेल तर आपला दावा त्याच्यापुढे थांबतो. त्याला कल्पना होती किंवा असायला हवी होती, तर तो थांबत नाही. तेव्हा मालकाबरोबर त्यालाही दाव्यात सामील करायचं, आणि कोर्ट दोघांनाही खरेदीखतावर सह्या करायला सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत १९५३ सालीच घालून दिली आहे.

वहिनींच्या बाजूनं इथे एक चांगली गोष्ट निघाली. ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याचा हक्क काय, याची माहिती घेणाऱ्याला असल्याचं कायदा धरून चालतो. डिसेंबरात त्या माणसानं जमीन घेतली तेव्हा भात नुकता कापलेला होता, खाचरात पेंढा होता, बांधावर वहिनींचीच झोपडी होती. ‘हे कोण कसतंय?’ एवढं विचारायला त्याला कोणी अडवलं होतं? जो ताबा ढाल म्हणून उपयोगी पडत नव्हता, तोच माहितीचा पुरावा म्हणून उपयोगी पडला.

तीन महिने उरले होते

मग मी तारखा मोजल्या, आणि माझ्याच पोटात गोळा आला. असा दावा लावायला कायद्यानं मुदत दिली आहे ३ वर्षांची. साठेखतात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून. तारीखच नसेल, तर विकणारा नकार देतोय हे आपल्याला कळल्यापासून. वहिनींच्या कागदात सहा महिने लिहिले होते. १० फेब्रुवारी २०२२ पासून सहा महिने म्हणजे १० ऑगस्ट २०२२, आणि तिथून तीन वर्षं म्हणजे १० ऑगस्ट २०२५. मे संपत आला होता.

मालक दर वेळी ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणत होता, त्यामुळे आपली मुदतही पुढे जातेय, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. ती तशी जात नाही. मुदत वाढवायची तर दोघांच्या सहीनं लेखी पुरवणी करार हवा. तोंडी गोड बोलण्यावर कोर्टात विसंबता येत नाही. आणखी तीन महिने गेले असते, तर वहिनींचं बाकी सगळं खरं असूनही दावा मुदतबाह्य झाला असता.

त्याच आठवड्यात वकिलामार्फत नोटीस गेली : उरलेले १४ लाख तयार आहेत, खरेदीखत करून द्या. ‘तयार आहेत’ हे नुसतं म्हणून चालत नाही. करार करणारा स्वतः शेवटपर्यंत तयार आणि राजी होता, हे सिद्ध करावं लागतं. विकणारा फिरला म्हणून आपण पैसे दुसरीकडे खर्च करून बसलो असू, तर तिथेच पकडले जातो. वहिनींच्या मालकांनी सोसायटीचं कर्जमंजुरीचं पत्र आणि मुदतठेवीच्या पावत्या काढल्या. १० लाख दिल्याच्या नोंदी बँकेच्या पासबुकात होत्याच.

एक खर्च अनपेक्षित निघाला. महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या साठेखताला मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकंच लागतं. यांनी शंभराच्या कागदावर काम भागवलं होतं. नोंदणी नसलेलं साठेखत पूर्ततेच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतं, पण अपुऱ्या मुद्रांकाचं चालत नाही. उणं शुल्क आणि त्यावरचा दंड भरल्यावरच कोर्ट तो कागद वाचतं. तेव्हा वाचवलेले पैसे आता दंडासकट द्यावे लागणार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दावा दाखल झाला. त्यात पहिलं मागणं खरेदीखताचं. आणि ते नाहीच मिळालं, तर दिलेले १० लाख व्याजासह परत मिळावेत आणि तोवर त्यांचा बोजा जमिनीवर राहावा, असं पर्यायी मागणंही घातलं. इथे एक बारीक गंमत आहे. साठेखतानं जमिनीवर बोजा चढत नाही हे खरं, पण घेणाऱ्यानं आगाऊ दिलेल्या पैशांचा बोजा याच कायद्याचं ५५ वं कलम विकणाऱ्याच्या जमिनीवर चढवतं. अट एवढीच की घेणाऱ्यानं स्वतःहून विनाकारण व्यवहार मोडलेला नसावा. मात्र हे परतीचं मागणं दाव्यात स्पष्ट लिहावं लागतं. न मागता कोर्ट देत नाही. दावा चालू असल्याची नोटीसही दुय्यम निबंधकाकडे नोंदवली, म्हणजे त्या गाडीवाल्यानं जमीन पुढे चौथ्याला विकली तर त्यालाही हा दावा बांधील राहील.

तुमच्या पिशवीत काय आहे?

आपल्या कपाटातला कागद काढा आणि आधी त्याचं नाव वाचा. साठेखत, इसारपावती, विसारपावती, कुलमुखत्यारपत्र, यातलं काहीही असेल तर ती खरेदी नाही. कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत जोडीनं करून ‘हेच खरेदीसारखं’ असं सांगतात. पण अशा कागदांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात ठामपणे सांगितलं आहे. नावाबरोबर मजकूरही पाहा. ‘विकून देण्याचे कबूल करतो’ असं असेल तर तो करार. ‘कायमचे विकून दिले आहे’ असं असेल आणि दस्त नोंदलेला असेल, तरच ती विक्री.

नोंदलेलं साठेखतही साठेखतच असतं. दुय्यम निबंधकाकडे फोटो निघाला, अंगठा झाला, पावती मिळाली म्हणून ते खरेदीखत होत नाही. मग नोंदायचं कशाला? कारण नोंदलेला दस्त सूची दोनमध्ये दिसतो. जमीन घेण्याआधी शोध घेणाऱ्या वकिलाला तो सापडतो आणि पुढच्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणं जड जातं. ताबा घेतला असेल तर ५३-अ ची ढालही नोंदणीनंच मिळते. शिवाय साठेखताला पूर्ण मुद्रांक भरला असेल तर तो पुढे खरेदीखताच्या शुल्कात वळता होतो, दोनदा भरावा लागत नाही.

सातबाऱ्यावर भुलू नका. सातबारा हा महसुलाचा उतारा आहे. मालकी खरेदीखतानं जाते, आणि फेरफार त्याच्या मागोमाग येतो.

आणि खरेदीची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा. ती उलटली की दुसऱ्या दिवसापासून तीन वर्षं मोजायला लागा. मालकाचं वय झालं असेल तर जास्तच घाई करा. तो गेला तर साठेखत मरत नाही, वारसांवर ते बंधनकारक राहतं. पण मग एका सहीच्या जागी मुलगे, मुली, बायको अशा पाच-सात सह्या लागतात. त्यांतली एक जरी अडली तरी कोर्टाची पायरी.

वहिनींचा दावा चालू आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगू शकत नाही. त्या माणसाला माहिती होती की नव्हती, यावर साक्षीपुरावा व्हायचा आहे. दिवाळीत त्यांचा फोन आला होता. इंद्रायणी चांगला झालाय म्हणाल्या, दहा किलो धाडते. मग हसून म्हणाल्या, “ताई, पिशवीवरचं नाव खोडलं बरं का. आता साठेखत लिवलंय. खरेदीखताला नवी पिशवी करीन, झालं की.”